तू हो पुढे, मी येतो मागून: नाशिक ते श्टुटगार्ट

नाशिकच्या माणसाला जर्मनी अनोळखी नाही. सातपूरची मायको पुढे बॉश झाली, चौकाचं नाव मात्र मायको सर्कलच राहिलं. बॉशचं मुख्यालय श्टुटगार्टच्या शेजारी आहे, आणि श्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याची राजधानी आहे, त्या राज्याशी महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यामुळे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेक घरांत सध्या एकच चर्चा आहे: एकाला तिकडे नोकरी मिळते आहे, दुसऱ्याने काय करायचं? ही चर्चा बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर चालते, आणि ती माहिती अमेरिकेतल्या मावसभावाकडून किंवा दुबईतल्या मित्राकडून आलेली असते.

एक जोडपं कल्पनेने समोर ठेवू. ती मेकॅनिकल इंजिनिअर, अंबडच्या कंपनीत. तिला श्टुटगार्टजवळच्या कारखान्यातून वर्षाला 54,000 युरोंची ऑफर आली आहे. तो अनुदानित शाळेत गणिताचा शिक्षक, हातात महिना सत्तर हजार रुपये. दिंडोरी तालुक्यात त्याच्या नावावर तीन एकर द्राक्षबाग आहे, ती त्याचे वडील बघतात. मुलगी पाच वर्षांची.

त्यांच्या कानावर पडणारं पहिलं वाक्य असतं, ‘मागून जाणाऱ्याला तिकडे काम करता येत नाही, घरीच बसावं लागतं.’ हे अमेरिकेच्या अनुभवातून आलं आहे. तिथे एच-1बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला एच-4 मिळतो आणि त्यावर काम करण्याचा अधिकार आपोआप येत नाही. 26 मे 2015 पासून काही जोडीदारांना परवाना मिळू लागला, पण साधारणपणे मुख्य व्यक्तीचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्याच्या पुढे गेल्यावरच. जर्मनीत तसं नाही. कुटुंब एकत्र येण्याच्या परवान्यावर आलेल्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करता येतो. ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला जाण्याआधी जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. 2025 साली ब्लू कार्डासाठी वर्षाला 48,300 युरो पगाराची अट होती, इंजिनिअरिंगसारख्या टंचाईच्या क्षेत्रांसाठी त्याहूनही कमी. म्हणजे आपल्या इंजिनिअरबाईंना ब्लू कार्ड मिळण्यात पगाराची अडचण नाही.

पण हाच नियम सगळ्यांना लागू आहे असं धरून चालता येत नाही. तिकडे प्रशिक्षणार्थी म्हणून जाणाऱ्याच्या जोडीदाराला सर्वसाधारण नियमाप्रमाणे ए-1 पातळीचं जर्मन दाखवावं लागतं. इतर देशांत तर दरवाजे 2024 आणि 2025 मध्ये पटापट बंद झाले. ब्रिटनने 11 मार्च 2024 पासून नव्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी केली. कॅनडाने 21 जानेवारी 2025 पासून जोडीदाराचा खुला परवाना ठरावीक व्यवसायांपुरताच ठेवला. म्हणून ऑफर हातात आली की पगाराच्या आकड्याआधी विचारावं, ‘मला नेमका कोणता परवाना मिळणार, आणि त्यावर माझ्या जोडीदाराला काय करता येईल?’ हा प्रश्न एजंटला नव्हे, कंपनीला लेखी विचारायचा.

यानंतरचा गैरसमज पहिल्याच्या अगदी उलट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त जोडपी त्यातच अडकतात: ‘काम करायला परवानगी आहे ना, मग नोकरी मिळेलच.’ परवानगी आणि पात्रतेची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि सरकारी शाळेतला शिक्षक हे जर्मनीत नियंत्रित व्यवसाय आहेत. म्हणजे तिथल्या अधिकाऱ्यांनी पदवी मान्य केल्याशिवाय ते काम करताच येत नाही. आपल्या शिक्षकाचं उदाहरण घेऊ. जर्मनीत गणिताच्या शिक्षकांची टंचाई आहे, हे खरं. पण तिथला माध्यमिक शिक्षक सहसा दोन विषयांचा असतो, आणि आपली एका विषयाची बी.एस्सी.-बी.एड. तिथे अपुरी ठरण्याची शक्यता मोठी आहे. वर वर्गात शिकवण्याइतकं जर्मन, म्हणजे सी-1 किंवा त्याहून वरचं, यावं लागतं. शून्यापासून तिथवर पोचायला नोकरी सांभाळून तीन वर्षं लागली तरी नवल नाही.

त्याच्यापुढचे खरे पर्याय मग असे उरतात: इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा, ऑनलाइन शिकवण्या, किंवा पूर्ण वेगळं क्षेत्र. बायको सॉफ्टवेअरमध्ये आणि नवराही सॉफ्टवेअरमध्ये असेल तर हा प्रश्न सौम्य होतो, कारण ते क्षेत्र नियंत्रित नाही. म्हणजे एकाच पगाराची, एकाच शहरातली ऑफर दोन घरांसाठी अगदी वेगळी ठरते, आणि तो फरक मागून जाणाऱ्याच्या व्यवसायातून येतो. आनाबिन या जर्मन सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि पदवी आहे का, हे नाशिकमध्ये बसून एका संध्याकाळी पाहता येतं. ते ऑफरवर सही करण्याआधी पाहावं.

आता पैशांचं. ‘एकाने तिकडे कमवायचं, दुसऱ्याने इकडची नोकरी टिकवायची, यात दुप्पट बचत होते,’ असं सर्रास बोललं जातं. बचत खरंच जास्त होते, पण त्यात कराची सवलत हातची जाते. जर्मनीत विवाहित व्यक्तीला करात मोठी सवलत मिळते, मात्र त्यासाठी जोडीदाराचं राहणंही तिथेच असावं लागतं. नवरा नाशिकला राहिला तर तिचा कर अविवाहितासारखा, पहिल्या करवर्गात कापला जातो. महिना 4,500 युरोंतून कर आणि विमे जाऊन साधारण 2,850 ते 2,900 हातात येतील. तो तिथे राहायला आला आणि त्यांनी तिसरा-पाचवा करवर्ग निवडला, तर तिच्या हातात 3,200 च्या वर पडतील. मुलगी तिथे असेल तर बालभत्ता, जो 2025 मध्ये महिना 255 युरो होता. न कमावणारा जोडीदार आणि मूल तिच्या सरकारी आरोग्य विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात.

समोरचा खर्चही मांडू, अर्थात ढोबळ. एकटीला खोलीचं भाडं 850 आणि बाकी 700 धरले तर महिना तेराशे युरो उरतात. तिघांना घरभाडं 1,450 आणि बाकी 1,250 धरले तर आठशेच्या आसपास उरतात, आणि इकडचे सत्तर हजार बंद होतात. नाशिकचा घरखर्चही वाचतो, तो पस्तीस हजार धरू. युरो शंभर रुपयांचा मानला तर एकत्र राहण्याने पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ऐंशी-पंच्याऐंशी हजार कमी पडतात. वेगळं राहताना भेटीसाठी लागणाऱ्या वर्षातल्या विमानफेऱ्या वजा केल्या की ही दरी आणखी थोडी कमी होते. हा आकडा कागदावर मांडून दोघांनी पाहिला, तर एकत्र राहण्यासाठी आपण तो मोजायला तयार आहोत का, यावर नीट बोलता येतं.

एक बारकावा. तो डिसेंबरमध्ये जरी तिथे राहायला गेला, तरी त्या पूर्ण वर्षाचं विवरणपत्र दोघांना एकत्र भरता येतं. त्या वर्षातलं त्याचं भारतातलं उत्पन्न कराचा दर ठरवताना धरलं जातं, तरीही बहुतेकदा फायदा होतो.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर जाऊ, आवडलं तर तिथेच बदलून घेऊ’ हे मात्र मनातून काढून टाकावं. नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसावर भेटून येता येतं, पण राहण्याचा परवाना हवा असेल तर सहसा परत येऊन, मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेतूनच कुटुंबाचा व्हिसा घ्यावा लागतो. ब्लू कार्डाच्या बाबतीत सगळ्या कुटुंबाचा अर्ज एकत्रही करता येतो. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर ती आधी करावी, हॉलचा फोटो आणि पत्रिका चालत नाही.

मग त्याने राजीनामा कधी द्यायचा? जर्मनीत बहुतेक करारांत पहिले सहा महिने परिवीक्षेचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. ब्लू कार्डधारकाची नोकरी गेली तर नवी शोधायला सुरुवातीच्या काळात साधारण तीन महिने मिळतात, आणि मागून आलेल्याचा परवाना तिच्याच परवान्याला बांधलेला असतो. म्हणून या घरासाठी मला शहाणपणाचा वाटणारा क्रम असा: ती पुढे जाते, तो नाशिकमध्ये भाषा सुरू करतो, आणि तिचे सहा महिने पार पडल्यावर तो राजीनामा न देता आधी विनावेतन रजेचा अर्ज करतो. ती मिळेलच असं नाही, पण न मागताच नोकरी सोडणारे फार आहेत.

बंधन किती असतं, हे लग्नात सारं गोड असतानाच समजून घ्यावं. जोडीदाराचा परवाना स्वतंत्र व्हायला जर्मनीत साधारण तीन वर्षं एकत्र संसार झालेला असावा लागतो. त्याआधी लग्न मोडलं तर परवाना जाऊ शकतो, घरातल्या हिंसाचारासारख्या कारणांसाठी अपवाद आहे. मागून जाणारी बायको असेल तर तिच्या आईवडिलांनीही हे माहीत करून घ्यावं. आणि ब्लू कार्डाच्या कुटुंबातली व्यक्ती बारा महिन्यांहून जास्त बाहेर राहिली तर परवाना संपतो. सासऱ्यांचं ऑपरेशन आहे म्हणून तो नाशिकला वर्षभर राहिला, तर हे मोजत राहावं लागेल.

नवऱ्याने बायकोच्या मागून जाणं आपल्याकडे अजून खटकतं. पण 1883 च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून एकट्या अमेरिकेला निघाल्या, टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव नंतर गेले, आणि मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना एम.डी. मिळाली तेव्हा ते तिथे हजर होते. ते नातं सोपं नव्हतं, तरीही आधी बायकोने जायचं हा निर्णय त्या घराने तेव्हा घेतला होता.

राहिली द्राक्षबाग. ‘परदेशात गेलं की शेती जाते’ हे खोटं आहे. भारतात राहत असताना मिळालेली किंवा वारशाने येणारी शेतजमीन अनिवासी भारतीयाला ठेवता येते. त्याला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शेजारचा एकरभर तुकडा घ्यायचा बेत असेल तर तो निघण्याआधी पूर्ण करावा. वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्रही इथेच, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जावं. नंतर तिकडच्या भारतीय दूतावासात केलेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावा लागतो, आणि ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत ती तारीख हमखास निसटते.