कुतूहल वाढवावे, अपेक्षा फुगवू नये

२००१ च्या जानेवारीत डीन केमन या अमेरिकी संशोधकाच्या एका गुप्त यंत्राची वार्ता फुटली, आणि ‘जिंजर’ या सांकेतिक नावापलीकडे फारसे काही ठाऊक नसल्यामुळे लोकांनी हवेत तरंगणाऱ्या वाहनापर्यंत तर्क लढवले. परंतु ३ डिसेंबरला दूरचित्रवाणीवर स्वतःचा तोल सांभाळणारे दुचाकी वाहन ‘सेगवे’ प्रकट झाले, तेव्हा यंत्र कल्पक असूनही पुष्कळांचा विरस झाला. म्हणून टीझर-मालिका आखताना वस्तूचे रूप झाकावे, तिचा प्रकार मात्र झाकू नये.

समजा, लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल बाजारात आणायचे आहे. विक्रीच्या दहा दिवस आधी केवळ घाण्याची करकर ऐकवून ‘स्वयंपाकघरात नवे काही येत आहे’ एवढेच सांगावे. सहा दिवस आधी शेंगदाण्यांची रास दाखवावी. आणि तीन दिवस आधी बाटलीचे माप, किंमत, तारीख व पहिल्या खेपेची मर्यादा बिनदिक्कत जाहीर करावी.

प्रत्येक जाहिरातीतील विधान छपाईपूर्वी बाटलीवरील मजकुराशी ताडून पाहावे, आणि ज्याचा पुरावा दफ्तरी नाही असा, ‘हृदयरोग टळतो’ यासारखा दावा सूचकतेनेही करू नये. लोकांचे तर्क वस्तूहून मोठे होऊ लागले, की पुढील टीझरची नियोजित तारीख येईपर्यंत न थांबता तो आधीच प्रसिद्ध करून खुलासा करावा. कारण त्या घटकेचे मौन ही मूक संमतीच ठरते.

#टीझर #जाहिरात #लघुउद्योग