मॉडेलला खात्री नसेल तर ईमेल माणसाकडे कसा जातो?

ऑनलाइन खरेदीच्या ॲपवरून तुम्ही तक्रारीचा ईमेल पाठवता, तेव्हा तो आधी माणूसच वाचेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी एक लँग्वेज मॉडेल तो वाचतं आणि त्यावर शिक्का मारतं: डिलिव्हरी, रिफंड, फसवणूक किंवा इतर. मी अशाच सिस्टिम बनवतो. यात शिक्का मारणं सोपं आहे. मॉडेलवर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी ईमेल माणसाकडे द्यायचा, हे ठरवणं अवघड आहे. ही सीमारेषा म्हणजे थ्रेशोल्ड.

पहिला मोह असा होतो की मॉडेललाच विचारावं, ‘बाबा, तुला किती खात्री आहे?’ ते बिनधास्त ९५ टक्के म्हणतं. चुकीच्या उत्तरालाही बऱ्याचदा ९५च! म्हणून जिथे एपीआय देतो तिथे आम्ही आतला आकडा घेतो. पुढचा शब्द निवडताना मॉडेल प्रत्येक शक्य शब्दाला एक संभाव्यता देत असतं. आपण उत्तर एकाच अक्षरात मागितलं, डिलिव्हरीला A, रिफंडला B, फसवणुकीला C, इतरला D, तर या चार अक्षरांच्या संभाव्यता थेट मिळतात.

पण हा आकडाही डोळे झाकून घ्यायचा नाही. ०.९० म्हणजे दहातली नऊ उत्तरं बरोबर, असं गृहीत धरता येत नाही. ओपनएआयच्या २०२३च्या जीपीटी-४ अहवालातच दाखवलंय की, माणसांशी नीट बोलावं म्हणून दिलेल्या नंतरच्या ट्रेनिंगमुळे मॉडेलचा आत्मविश्वास आणि अचूकता यांचा मेळ बिघडला.

मग काय करायचं? खरे ईमेल मोजायचे. समजा, माणसांनी शिक्के मारलेले ५०० जुने ईमेल आपण मॉडेलला दिले. ०.८० ही रेषा ठेवली तर ४०० ईमेल परस्पर निकालात निघाले, त्यात २४ चुका. ०.९० ठेवली तर ३४० निघाले, चुका ७. ०.९७ ला फक्त २०० निघाले आणि चुका २.

आता रोज १००० ईमेल येतात असं धरा. ०.९० वर ३२० ईमेल माणसांच्या रांगेत जातील. एकाला एक मिनिट धरलं तरी सव्वापाच तासांहून जास्त काम. ०.९७ वर ६०० ईमेल, म्हणजे दहा तास. टीममध्ये हे काम एकच माणूस करत असेल, तर ०.९७ कागदावर कितीही सुंदर दिसो, रांग रोज वाढत जाणार आणि तुमच्या तक्रारीला चार दिवस कुणी हात लावणार नाही. त्यामुळे रेषा ठरवताना चुका जितक्या बघायच्या, तितकेच माणसांचे तासही बघायचे.

शिवाय सगळ्या चुका सारख्या नसतात. रिफंडचा ईमेल डिलिव्हरीत गेला तर एक दिवस वाया जातो. पण हा ईमेल बघा: ‘पार्सल कुठंय असा मेसेज येतोय, पण मी ऑर्डर केलीच नाही, खात्यातून पैसे मात्र गेले.’ मॉडेल म्हणेल डिलिव्हरी ०.८५, फसवणूक ०.१२. इथे पहिला नंबर कुणाचा यापेक्षा ते ०.१२ महत्त्वाचं आहे. म्हणून फसवणुकीसाठी नियम उलटा लावायचा, नुसता वास आला तरी माणसाकडे:

```python
if p["C"] >= 0.10 or max(p.values()) < 0.90:
    send_to_human(email)
```

या ०.१० ची पारखही जुन्या फसवणुकीच्या ईमेलवरच करायची. आणि मराठी, इंग्रजीत मराठी, हिंदी-मराठी खिचडी, यांचे गठ्ठे वेगळे तपासायचे. एकूण सरासरी छान दिसते, पण एखाद्या गठ्ठ्यात तोच ०.९० पोकळ निघू शकतो.

एक भोक मात्र थ्रेशोल्डने बुजत नाही: मॉडेल ठामपणे चुकतं तेव्हा. तो ईमेल रांगेत येतच नाही, मग कळणार कसं? त्यासाठी परस्पर निकाली निघालेल्यांतले रोज वीसेक ईमेल चिठ्ठी काढल्यासारखे उचलून रांगेत मिसळायचे. तपासणाऱ्याला मॉडेलचा शिक्का आधी दाखवायचा नाही. दाखवला की माणूस ‘बरोबर असेल’ म्हणून पुढे सरकतो, हे मी प्रत्येक टीममध्ये पाहिलंय.

मॉडेलची आवृत्ती किंवा त्याला दिलेली सूचना बदलली की जुनी रेषा बाद समजायची, कारण आकड्यांची वाटणीच बदलते. रोज ३२ टक्के ईमेल रांगेत येत होते आणि अचानक १५ टक्केच यायला लागले, तर मॉडेल हुशार झालं म्हणून खूश व्हायच्या आधी ते ५०० ईमेल परत चालवून बघायचे.