फोटोतली आकृती नेमकी कुठे फसवते

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात, म्हणजे नुसत्या आकृत्यांचे. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतही ‘गटात न बसणारी आकृती ओळखा’ हा प्रकार ठरलेला. परीक्षेच्या छापील पानावर या आकृत्या स्वच्छ दिसतात. अडचण येते ती घरी, सराव करताना. अख्ख्या पानाचा फोटो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलेला असतो आणि त्यात प्रत्येक आकृती तांदळाच्या दाण्याएवढी दिसते.

एक प्रश्न घेऊ. चार चौकोन आहेत. प्रत्येकाच्या तीन कोपऱ्यांत एकेक खूण आहे, ठिपका, फुली आणि छोटा त्रिकोण, आणि चौथा कोपरा रिकामा. पहिल्यात वर डावीकडे ठिपका, वर उजवीकडे फुली, खाली उजवीकडे त्रिकोण. दुसऱ्यात वर उजवीकडे ठिपका, खाली उजवीकडे फुली, खाली डावीकडे त्रिकोण. तिसऱ्यात खाली उजवीकडे ठिपका, खाली डावीकडे फुली, वर डावीकडे त्रिकोण. चौथ्यात मात्र वर उजवीकडे ठिपका, वर डावीकडे फुली, खाली डावीकडे त्रिकोण.

पहिल्या तीन चौकोनांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलं, की ठिपका, फुली, त्रिकोण असाच क्रम लागतो. एकच चौकोन फिरवून तिन्ही तयार होतात. चौथ्यात हा क्रम उलटा आहे. तो कितीही फिरवला तरी पहिल्यासारखा होत नाही, कारण तो आरशातला आहे. उत्तर चौथा.

आता हाच फोटो बारीक करा. ठिपका, फुली, त्रिकोण, तिन्ही खुणा सारखेच काळे डाग होतात. मग चारही चौकोन ‘तीन डाग, एक कोपरा रिकामा’ एवढेच उरतात आणि चारही एकमेकांची फिरवलेली रूपं वाटतात. प्रश्नातला फरकच नाहीसा होतो. मूल अशा वेळी अंदाजाने कुठलातरी पर्याय निवडतं आणि आपण म्हणतो, लक्ष नव्हतं.

अशा वेळी सगळी आकृती डोळे ताणून बघण्यात अर्थ नसतो. फुलीकडे तर बघायलाच नको. चारही चौकोनांत ती रिकाम्या कोपऱ्याच्या समोरच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे तिच्यावरून काहीच ठरत नाही. निर्णय होतो तो एका जागी: रिकाम्या कोपऱ्यापासून घड्याळाच्या दिशेने पुढच्या कोपऱ्यात काय आहे, ठिपका की त्रिकोण? पहिल्या तिघांत तिथे ठिपका आहे, चौथ्यात त्रिकोण. फोटो मोठा करायचा तो तेवढ्याच जागी. तिथेही नुसता डाग दिसत असेल, तर त्या फोटोत उत्तर नाही. दोन बोटांनी ताणल्यावर डाग मोठा होतो, त्यातला त्रिकोण परत येत नाही.

बारीकपणा हा एक दोष झाला, दुसरा तिरकेपणा. मोबाइल कलता धरून काढलेल्या फोटोत वर्तुळ लांबट होतं, चौरसाच्या बाजू आत झुकतात. त्यामुळे ‘ही एकच आकृती अंडाकृती आहे’ असं वाटलं तर आधी तिच्याभोवतीची चौकट आणि शेजारच्या ओळी बघाव्यात. त्याही तशाच झुकल्या असतील, तर तो कॅमेऱ्याचा प्रताप. लांबी, कोन, गोलाई यांवर अशा फोटोत भरवसा नसतो. पण कोपऱ्यांची संख्या, कोणती खूण आत आणि कोणती बाहेर, रेषा कुठे छेदतात आणि घड्याळाच्या दिशेने लागणारा क्रम तिरकेपणाने बदलत नाहीत. आपला चौकोनांचा प्रश्न तिरक्या फोटोतही सुटला असता, खुणा ओळखू येतील एवढा मोठा असता तर.

संख्यामालिकेचं बरं असतं, तिथे चुकीचं वाचन स्वतःच ओरडतं. ७, १३, २१, ३१, ४३, ५७ ही मालिका घ्या. शेजारच्या पदांतले फरक ६, ८, १०, १२, १४. धूसर फोटोत १ आणि ९ यांची गल्लत होऊन ३१ चे ३९ वाचले, तर फरक येतात ६, ८, १८, ४, १४. लागोपाठचे दोन फरक बिघडले: एक आठने वाढला, दुसरा तेवढ्याच आठने घटला. असं दिसलं की मधलं पद पुन्हा बघायचं. चूक शेवटच्या पदात असेल तर एकच फरक बिघडतो आणि ती चटकन लक्षात येत नाही. प्रश्नच ‘चुकीचे पद ओळखा’ असा असेल तर मात्र सावध राहावं, कारण तिथे प्रश्नकर्त्याने मुद्दाम घातलेलं पदही फरकांत हाच बिघाड दाखवतं. त्यातलं खरं कोणतं, हे मालिका सांगत नाही, मूळ पान सांगतं.

म्हणून पान पाठवणाऱ्याला एवढंच सांगावं: अख्ख्या पानाऐवजी चार-पाच प्रश्नांचा फोटो काढा, मोबाइल पानाला समांतर धरा आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि त्यात सगळ्यात आधी जातात त्या याच खुणा.