छोट्या घराचं हरित मानांकन

हरित इमारतीचं प्रमाणपत्र म्हणजे काचेच्या मोठ्या कचेऱ्यांचं काम, असा समज आहे. पण २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी ‘स्वगृह’ ही मानांकन पद्धत आहे. तिच्यात १४ निकष आणि ५० गुण आहेत. झाडं-जमीन, वास्तुरचना आणि ऊर्जा, पाणी-कचरा, बांधकाम साहित्य आणि जीवनशैली असे त्यांचे पाच गट आहेत.

सर्वांत स्वस्त उपाय नकाशावरच होतो. उन्हाळ्यात दक्षिणेचं ऊन वरून येतं. साधा छज्जा ते अडवतो. पश्चिमेचं मात्र तिरपं येतं, तिथे छज्जा फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून पश्चिमेला खिडक्या लहान ठेवून जिना किंवा न्हाणीघर घ्यावं. गच्चीवर पांढरा चुना किंवा परावर्तक रंग लावावा. धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी.

पाण्याचा हिशेब चार माणसांच्या घरासाठी करू. प्रत्येकी दिवसाला पाच वेळा दहा लिटरचा फ्लश म्हणजे २०० लिटर. सहा आणि तीन लिटरची दोन बटणांची टाकी बसवली, प्रत्येकाने मोठं बटण एकदा आणि छोटं चारदा दाबलं, तर ७२ लिटर पुरतात. टाकीचा व्हॉल्व्ह गळत असेल तर ही बचत वाया जाते. टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर गळती आहे.

साहित्याची बिलं आणि कामाचे फोटो मात्र सुरुवातीपासून जपावेत. भिंतीआड गेलेलं काम नंतर दाखवता येत नाही.