कव्हर लेटरमधला गटप्रकल्प

ज्युनिअर प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर प्रकल्पाचे मोठे निर्णय घेत नाही. कोणते काम कोणाकडे आहे, ते कधी संपायला हवे होते आणि कशामुळे अडले आहे, याची नोंद तो ठेवतो. बैठकीची मिनिट्स लिहिणे, पुरवठादाराच्या मागे लागणे आणि मॅनेजरला वेळेवर खरी स्थिती सांगणे, यातच त्याचा दिवस जातो. नुकत्याच पदवी मिळवलेल्या उमेदवाराने असे काम नोकरीत केलेले नसते, पण शेवटच्या वर्षाच्या गटप्रकल्पात त्याचा छोटा नमुना बहुधा केलेला असतो. अभियांत्रिकीत असा प्रकल्प साधारण वर्षभर चालतो. तीन-चार जणांचा गट, एक गाइड, ठरावीक काळाने रिव्ह्यू आणि शेवटी सबमिशन, असे त्याचे स्वरूप असते. कव्हर लेटरमध्ये मांडायचा तो हा अनुभव, आणि पत्र फसते तेही बहुधा इथेच.

समजा, इलेक्ट्रॉनिक्सच्या चौघांनी जमिनीतला ओलावा पाहून ठिबकचा पंप चालू-बंद करणारे यंत्र बनवले. त्यांच्यातली एक विद्यार्थिनी या पदासाठी अर्ज करते. पहिल्या मसुद्यात ती सेन्सर कोणता, मायक्रोकंट्रोलर कोणता, पाणी किती वाचते हेच लिहिते. मजकूर चांगला असतो, पण तो डिझाइन इंजिनिअरच्या अर्जात शोभणारा. मग चूक लक्षात आल्यावर ती दुसऱ्या टोकाला जाते आणि लिहिते, ‘माझ्याकडे नेतृत्वगुण व उत्तम संवादकौशल्य आहे.’ हे वाक्य कोणाच्याही अर्जात चिकटवता येते, म्हणून वाचणारा ते वगळून पुढे जातो.

उपयोगी पडतो तो यंत्राच्या मागे घडलेला व्यवहार. तिसऱ्या मसुद्यातला परिच्छेद असा होऊ शकतो:

‘आमच्या चौघांच्या गटात वेळापत्रक मी सांभाळत होते. सप्टेंबरमध्ये सर्किट बोर्डची ऑर्डर गेलेलीच नाही, असे लक्षात आले. ती दुसऱ्या कोणीतरी दिली असेल, असे प्रत्येकाला वाटत होते. तेव्हापासून मी प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एक तारीख एक्सेलमध्ये लिहू लागले व दर रविवारी ती यादी गटाबरोबर तपासू लागले. बोर्ड यायला तीन आठवडे लागले. तोवर प्रोग्रामिंग ब्रेडबोर्डवर चालू ठेवले. मोबाइल ॲप वेळेत होणार नाही हे दिसल्यावर गाइडच्या संमतीने ते वगळले आणि दुसऱ्या रिव्ह्यूला यंत्र चालवून दाखवले.’

या परिच्छेदात अडचण लपवलेली नाही, आणि त्याचे वजन त्यातच आहे. सगळे सुरळीत पार पडलेल्या प्रकल्पातून समन्वयाबद्दल फारसे कळत नाही. काम घसरल्याचे कसे समजले आणि त्यानंतर काय बदलले, यावरून उमेदवाराची पारख होते. दोष मात्र एखाद्या सहकाऱ्यावर टाकलेला नाही. पत्रात गटातल्या मित्राची कुरकुर करणारा माणूस उद्या कंपनीतल्या विभागांमध्ये दुवा कसा होणार, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच.

‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा हिशेबही चोख हवा. यंत्र चौघांनी बनवले, यादी तिने ठेवली. सगळीकडे ‘आम्ही’ लिहिले तर उमेदवाराचा वाटा दिसत नाही. सगळीकडे ‘मी’ लिहिले तर मुलाखतीत ‘उशीर कोणाचा झाला, तुम्ही त्याला नेमके काय म्हणालात?’ एवढ्या एका प्रश्नात बिंग फुटते. आकड्यांचेही तसेच आहे. मोजलेले तेवढेच लिहावे. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’ असे लिहिले, तर ती मोजली कशी हे सांगता आले पाहिजे.

कॉलेजच्या प्रकल्पाला मर्यादाही असतात. तिथे ग्राहक नसतो, पैसे सहसा थोडे असतात आणि उशिराचा दंड म्हणजे फार तर गुण जाणे. म्हणून चौघांच्या गटाला ‘टीम मॅनेजमेंट’ आणि सुट्या भागांच्या खर्चाला ‘बजेट कंट्रोल’ म्हटले की पत्र हास्यास्पद होते. यादी एक्सेलमध्ये ठेवली असेल तर तसेच लिहावे. जाहिरातीत एमएस प्रोजेक्ट मागितले असेल आणि ते येत नसेल, तर येते असे भासवू नये.

प्रत्येक जाहिरातीसाठी परिच्छेद नव्याने लिहावा लागत नाही. भर कुठे द्यायचा ते बदलते. पुरवठादारांशी संपर्काचे काम असेल तर बोर्डच्या ऑर्डरचा पाठपुरावा दोन वाक्यांनी वाढवावा, बैठकांचे काम असेल तर रविवारच्या यादीबद्दल अधिक लिहावे. वर पदाचे नाव आणि जाहिरातीचा संदर्भ, मध्ये हा परिच्छेद, त्यानंतर त्याच कंपनीत हे काम का हवे याची दोन-तीन वाक्ये, एवढ्यात एक पान पुरते. गुणांची टक्केवारी बायोडेटात असतेच, ती इथे पुन्हा नको. शेवटच्या सत्राचा निकाल लागायचा असेल, तर तो कधी अपेक्षित आहे आणि उमेदवार कोणत्या तारखेपासून रुजू होऊ शकेल, हे शेवटच्या ओळीत लिहावे.