ऑनलाइन मौखिकी परीक्षेतील प्रकाश, कॅमेऱ्याचा कोन व पार्श्वभूमी : एक विवेचन

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2020 मध्ये एम.फिल. व पीएच.डी.ची मौखिकी दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्यास मुभा दिली. तेव्हापासून विद्यार्थ्याच्या घराची खिडकीदेखील परीक्षकासमोर येऊ लागली. प्रस्तुत लेखात या खिडकीचा विचार केला आहे.

उदाहरणादाखल शेंद्रा औद्योगिक वसाहतीलगतची कामगाराची भाड्याची खोली घेऊ. पत्र्याचे छत, एक दार, एक खिडकी. घरातील गोंगाट टाळण्यासाठी विद्यार्थिनी भिंतीकडे तोंड करून, खिडकीकडे पाठ करून बसते व मोबाइल मांडीवरील पुस्तकाला टेकवते. भर दुपारी बाहेरचा उजेड खोलीतील उजेडाच्या शेकडो पट असतो. कॅमेरा संपूर्ण चौकटीची सरासरी मध्यम करड्या छटेकडे आणू पाहतो. खिडकी उजळ म्हणून तो एकूण प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. सावळ्या वर्णाच्या विद्यार्थ्यास याची झळ अधिक बसते, कारण मुळातच कमी परावर्तित होणारा प्रकाश आणखी छाटला जातो. डोळे व ओठांच्या हालचाली दिसेनाशा होतात. उत्तर आठवण्यासाठी ती क्षणभर थांबली, तर परीक्षकाला तो विचार न वाटता अज्ञान वाटण्याची शक्यता असते. शिवाय मांडीवरचा कॅमेरा खालून वर पाहतो. हनुवटी व नाकपुड्या ठळक होतात आणि ती पडद्याकडे पाहते तेव्हा नजर खाली झुकलेली दिसते.

पार्श्वभूमीविषयी इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. 167 प्रौढांना निरनिराळ्या पार्श्वभूमींवरील चेहऱ्यांची स्थिरचित्रे दाखवण्यात आली. पुस्तकांचे कपाट वा झाडे मागे असलेल्या व्यक्ती अधिक विश्वासार्ह व सक्षम ठरल्या. राहती खोली किंवा गमतीची चित्रे मागे असलेल्यांना कमी गुण मिळाले. मात्र ही स्थिरचित्रे होती, त्यांत कोणी बोलत नव्हते. त्यामुळे तासभराच्या मौखिकीतही हाच परिणाम टिकतो, असे त्यावरून म्हणता येत नाही. तरीही ज्या घरात कपाटच नाही, त्याने ते कोठून आणावे, हा प्रश्न उरतोच. कृत्रिम पार्श्वभूमी हा त्यावरचा उपाय फारसा कामाचा नाही. अंधूक उजेडात सॉफ्टवेअरला केस व कान वेगळे काढता येत नाहीत आणि कडा थरथरतात.

दोष ओळखणे सोपे आहे. पडद्यावर खिडकीबाहेरचे झाड स्पष्ट व चेहरा अंधारा दिसला, तर चूक बसण्याच्या दिशेची आहे. त्याच खोलीत उलट फिरून खिडकीकडे तोंड केले, मोबाइल डब्यावर ठेवून डोळ्यांच्या उंचीवर व हातभर अंतरावर आणला, की चेहरा उजळतो आणि मागे कोरी भिंत येते. थेट ऊन तोंडावर येत असेल, तर पांढरे धोतर किंवा ओढणी आडवी लावून ते मऊ करता येते. विजेचा दिवा लावण्याची गरज बहुधा पडत नाही. भारनियमनाच्या वेळी हे महत्त्वाचे ठरते.

हे सारे विद्यार्थ्यावरच सोपवणे मात्र न्याय्य नाही. परीक्षकाने पहिल्या प्रश्नापूर्वी दोन मिनिटे या जुळवणीस द्यावीत. चेहरा तरीही दिसत नसल्यास चित्र बंद करून केवळ आवाजावर मौखिकी घ्यावी आणि तशी नोंद अहवालात करावी.