सर्वांत स्वस्त काप

मांजराच्या फोटोतून मागची भिंत वगळायची आहे. 2001 मध्ये युरी बॉयकोव्ह आणि मारी-पिएर जॉली यांनी यासाठी एक पद्धत मांडली. प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांशी दुव्यांनी जोडायचा. रंग जितके सारखे, तितका दुवा तोडणं महाग. शिवाय प्रत्येक पिक्सेल ‘वस्तू’ आणि ‘पार्श्वभूमी’ या दोन टोकांनाही जोडलेला असतो. ही टोकं पूर्ण सुटी करणारा सर्वांत स्वस्त काप म्हणजेच मांजराची कड.

समजा, एका ओळीत तीन पिक्सेल आहेत. वापरणाऱ्याने पहिल्यावर मांजराची खूण केली, तिसऱ्यावर भिंतीची. मधल्याचा पहिल्याशी दुवा 9 चा, तिसऱ्याशी 1 चा. ‘वस्तू’शी 6 चा, ‘पार्श्वभूमी’शी 2 चा. तो मांजरात घेतला तर 1 आणि 2 तुटतात, खर्च 3. भिंतीत टाकला तर 9 आणि 6, म्हणजे 15. अर्थात तो मांजराचा!

लाखो पिक्सेल असले तरी हा किमान काप संगणक अचूक शोधतो.

मिशा मात्र हमखास गळतात. मिशीच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक कापण्यापेक्षा ती मुळाशीच छाटणं स्वस्त पडतं. तिथे मिशीवर आणखी एक रेघ ओढायची आणि काप पुन्हा काढायचा.